दोन्ही सिलेंडर बहात्तर मिलिमीटरचे

रॉयल एनफिल्डच्या आताच्या क्लासिक ३५० या मोटारसायकलीचे सिलेंडर आतून ७२ मिलिमीटर रुंद आहे आणि केटीएमच्या ड्यूक २०० चे सिलेंडरही आतून नेमके ७२ मिलिमीटरच रुंद आहे. एकीचे इंजिन साडेतीनशे सीसीचे आणि दुसरीचे दोनशेचे असूनही दोघींच्या पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ सारखेच आहे. फरक आहे तो पिस्टन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत किती अंतर चालतो यात. क्लासिकमध्ये हे अंतर ८५.८ मिलिमीटर आहे आणि ड्यूकमध्ये ४९. बुचकळ्यात टाकणारी गोष्ट पुढेच आहे. क्लासिकचे मोठे इंजिन जास्तीत जास्त सुमारे २० अश्वशक्ती देते आणि ती मिनिटाला ६,१०० फेऱ्यांना मिळते, तर ड्यूकचे लहान इंजिन १०,००० फेऱ्यांना सुमारे २५ अश्वशक्ती देते.

या दोन्ही गाड्या सध्या सोलापुरात आमच्या विजापूर रोडवरच्या घरासमोर एकमेकींशेजारी उभ्या असतात. क्लासिक माझी आहे आणि ड्यूक शिक्षणासाठी आमच्याकडे राहणाऱ्या भाच्याची आहे. तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवण्यात माझी सगळी हयात गेली असल्यामुळे त्याचे मित्र जमले की वादाचा निवाडा माझ्याकडे येतो. एक पक्ष म्हणतो की सीसी जास्त म्हणजे ताकद जास्त. दुसरा पक्ष कागदावरची अश्वशक्ती दाखवतो. मग आमचा नेहमीचा मिस्त्री, जो बुलेटच्या इंजिनात हयात घालवलेला माणूस आहे, शांतपणे म्हणतो, “मामा, लाँग स्ट्रोक हाय नव्हं, टॉर्क असणारच की ओ.” तिघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे खरे आहे, परंतु तिघांचीही कारणे अपुरी आहेत, आणि मिस्त्रींचे कारण तर सर्वांत जास्त पटणारे असूनही सर्वांत जास्त फसवे आहे.

आधी सीसी म्हणजे नेमके काय मोजतात ते पाहू. रंगपंचमीची पिचकारी बादलीत बुडवून दांडा मागे ओढला की जेवढे पाणी आत येते, ते नळीच्या आतल्या रुंदीवर आणि दांडा किती ओढला यावर ठरते. पुढच्या तोटीत आधीपासून असलेली जागा त्यात धरली जात नाही. इंजिनाचे सीसी म्हणजे हीच ओढ आहे, म्हणजे पिस्टन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना जेवढी जागा मोकळी करतो तिचे घन सेंटीमीटरमधील माप. सिलेंडरच्या आतल्या व्यासाला बोअर म्हणतात आणि पिस्टनच्या चालीला स्ट्रोक म्हणतात. बोअरचा वर्ग करावा, त्याला ०.७८५४ ने गुणावे म्हणजे पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ मिळते. त्याला स्ट्रोकने आणि मग सिलेंडरच्या संख्येने गुणले की सीसी हाती येतात. मापे सेंटीमीटरमध्ये घेतली पाहिजेत, एवढे पथ्य पाळावे. ७.२ चा वर्ग ५१.८४ होतो आणि त्यावरून क्षेत्रफळ ४०.७ चौरस सेंटीमीटर येते. ते ८.५८ ने गुणले की ३४९.३ मिळतात आणि ४.९ ने गुणले की १९९.५. टाकीवर लिहिलेले ३५० आणि २०० हे या आकड्यांचे सोयीस्कर गोल रूप आहे.

पिस्टन अगदी वर पोचल्यावरही त्याच्या डोक्यावर थोडी जागा उरते आणि ठिणगी तिथेच पडते. ही जागा सीसीमध्ये मोजत नाहीत. क्लासिकचे कॉम्प्रेशन गुणोत्तर ९.५ आहे, म्हणजे पिस्टन खाली असतानाची एकूण जागा वर असतानाच्या जागेच्या साडेनऊ पट आहे. त्यावरून हिशेब केला तर वर उरणारी जागा ४१ घन सेंटीमीटरच्या आसपास येते. म्हणजे क्लासिकच्या सिलेंडरमध्ये पिस्टन तळाला असताना प्रत्यक्षात ३९० घन सेंटीमीटर जागा असते, परंतु इंजिन दर खेपेला नवे ओढून घेऊ शकते ते ३४९ च. ज्याला ही वरची जागा प्रत्यक्ष मोजायची असेल त्याने पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून मापाच्या नळीने पातळ तेल सोडावे आणि भोकाच्या आट्यांपर्यंत भरायला किती लागले ते वाचावे. सिलेंडरवरचे झाकण, म्हणजे हेड, घासून कॉम्प्रेशन वाढवणारे कारागीर असेच करतात.

सीसी हे जागेचे माप आहे, हवेच्या वजनाचे नाही, आणि हा भेद सोलापुरात राहणाऱ्याला उन्हाळ्यात कळण्याजोगा आहे. पेट्रोलला जाळायला लागतो तो हवेतला प्राणवायू, आणि तो वजनाने मोजावा लागतो. जानेवारीत पहाटे पारा १५ अंशांवर असताना आपल्या गावच्या उंचीवर ३४९ घन सेंटीमीटर हवेचे वजन साधारण ०.४० ग्रॅम भरते. मे महिन्यात दुपारी तो ४३ अंशांवर गेला की तेवढ्याच जागेत साधारण ०.३७ ग्रॅम हवा मावते. बोअर तेच, स्ट्रोक तोच, आरसी बुकातला आकडा तोच, आणि तरी इंजिनाला मिळणारी हवा आठ-नऊ टक्क्यांनी कमी. त्यातही हे पूर्ण मूठ पिळलेली असतानाचे गणित आहे. नवी पेठेच्या गर्दीत गाडी रांगत असताना थ्रॉटलची झडप जेमतेम उघडलेली असते, आत विरळ हवा शिरते आणि साडेतीनशे सीसीचा बराचसा भाग केवळ नावापुरता वापरला जातो. सीसी ही इंजिनाच्या घोटाची कमाल मर्यादा आहे. प्रत्येक घोट तेवढा असतो असे मुळीच नाही.

आता मिस्त्रींचा मुद्दा. त्यांची कल्पना अशी आहे की स्ट्रोक लांब म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणाऱ्या क्रँकचा दांडा लांब, दांडा लांब म्हणजे पिळायला जोर जास्त, आणि म्हणून टॉर्क, म्हणजे क्रँकला फिरवणारा पीळ, जास्त. पाना लांब असला की घट्ट नट सुटतो, हे त्यांनी हजारदा हातांनी अनुभवलेले असल्यामुळे हे कारण त्यांना स्वयंसिद्ध वाटते. परंतु पान्याच्या टोकाला लावलेला जोर दोन्ही वेळा तेवढाच असतो. इंजिनात तो तेवढाच राहत नाही.

हे पडताळण्यासाठी ड्यूकच्याच १९९.५ सीसीचे दुसरे, लांब स्ट्रोकचे इंजिन कागदावर बनवू. बोअर ५८ मिलिमीटर घेतला तर तेवढ्याच सीसीसाठी स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर घ्यावा लागतो. मूळ इंजिनाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ ४०.७ चौरस सेंटीमीटर आहे आणि आपल्या कागदी इंजिनाचे २६.४. दोन्हींमध्ये मिश्रण सारखेच भरले, सारखेच जळले आणि पिस्टनवर दर चौरस सेंटीमीटरला सरासरी १० किलोचा दाब आला असे धरू. रुंद पिस्टनवर ४०७ किलोचा जोर येईल आणि अरुंद पिस्टनवर २६४ किलोचा. क्रँकची त्रिज्या स्ट्रोकच्या निम्मी असते, म्हणजे पहिल्यात २.४५ सेंटीमीटर आणि दुसऱ्यात ३.७७५. गुणाकार करून पाहावा. ४०७ गुणिले २.४५ म्हणजे ९९७ आणि २६४ गुणिले ३.७७५ म्हणजेही ९९७. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणाचा बारीकसारीक हिशेब यात धरलेला नाही, पण तो धरूनही निष्कर्ष बदलत नाही. दांडा जितका लांबला तितकाच त्यावरचा जोर घटला. याचे कारण असे की क्षेत्रफळ आणि स्ट्रोक यांचा गुणाकार म्हणजेच सीसी, आणि सीसी तर आपण बदललेले नाहीत. दर फेऱ्याला क्रँकला मिळणारा पीळ सीसीवर आणि सिलेंडर किती चांगले भरले यावर ठरतो. त्या सीसीची वाटणी बोअर आणि स्ट्रोक यांच्यात कशी केली आहे, याच्याशी त्याला प्रत्यक्ष देणेघेणे नसते.

क्लासिकचा टॉर्क २७ न्यूटन-मीटर आहे आणि ड्यूकचा सुमारे १९, हे खरे आहे. पण त्याचे साधे कारण म्हणजे क्लासिकजवळ दीडशे सीसी अधिक आहेत. दर सीसीमागे टॉर्क काढला तर उलट ड्यूकच पुढे निघते. मी हे गणित मिस्त्रींना त्यांच्याच हिशेबाच्या वहीत करून दाखवले तेव्हा त्यांनी आकडे दोनदा तपासले आणि “मग बुलेट चढावर वढती कशी?” असा जो प्रश्न विचारला तो अगदी योग्य होता. त्याचे उत्तर पुढे येईल.

मग लांब आणि आखूड स्ट्रोकने फरक कशात पडतो? मुख्यतः इंजिन किती वेगाने फिरू शकते यात. एका फेऱ्यात पिस्टन एकदा खाली आणि एकदा वर जातो, म्हणजे दोन स्ट्रोक चालतो. क्लासिकचा पिस्टन ६,१०० फेऱ्यांना सरासरी सेकंदाला १७.४ मीटर वेगाने धावतो. ड्यूकचा १०,००० फेऱ्यांना धावतो तो १६.३ मीटरने. टॅकोमीटरवरचा काटा दोन टोकांना असतो आणि आवाजही दोन वेगळ्या जातींचे वाटतात, पण सिलेंडरच्या भिंतीवरून घासत जाणाऱ्या पिस्टनच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही इंजिने जवळजवळ सारखीच पळत असतात, किंबहुना क्लासिक किंचित जास्तच. माझ्या गाडीला संथ म्हणणाऱ्या तरुण मंडळींना मी हा आकडा आवर्जून सांगतो.

या वेगाला मर्यादा असण्याचे कारण असे की पिस्टन प्रत्येक टोकाला पूर्ण थांबतो आणि उलटा फिरतो. त्याला थांबवून मागे खेचण्याचे काम कनेक्टिंग रॉडला आणि त्याच्या बेअरिंगला करावे लागते, आणि तो ओढा स्ट्रोकच्या प्रमाणात वाढतो, तर फेऱ्यांच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ड्यूकच्या १०,००० फेऱ्यांना वरच्या टोकाशी पिस्टनला बसणारा हा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजार पटींच्या आसपास असतो. क्लासिकचे इंजिन हट्टाने १०,००० वर नेले तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २८ मीटरच्या पुढे जाईल आणि रॉडवरचा ओढा आजच्या कमाल अश्वशक्तीच्या ठिकाणी असतो त्याच्या पावणेतीन पट होईल. त्यापूर्वीच हवा आत-बाहेर सोडणाऱ्या हेडमधल्या झडपांच्या स्प्रिंगा मागे पडतील आणि झडपा वेळेवर मिटणार नाहीत. आजकालच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक लगाम ठरावीक फेऱ्यांवर इंधन किंवा ठिणगी तोडतो, म्हणून नुसती मूठ पिळून हे घडत नाही. परंतु वेगात असताना एकदम दोन गिअर खाली टाकून क्लच सोडला तर चाकच इंजिनाला फिरवते आणि तिथे तो लगाम काही करू शकत नाही. वाकडी झालेली झडप आणि पिस्टनच्या माथ्यावर उमटलेली तिची चंद्रकोर गॅरेजमध्ये पाहिली की हे कसे घडले ते विचारावे लागत नाही.

आपल्या तालुक्यांतल्या विहिरींवर अजूनही दिसणारे किर्लोस्करचे एव्ही-१ हे डिझेल इंजिन याच मोजपट्टीवर ठेवून पाहण्यासारखे आहे. त्याचा बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर आणि सीसी ५५३ आहेत. ड्यूकच्या पावणेतीन पट सीसी असून ते ५ अश्वशक्ती देते, कारण ते मिनिटाला १,५०० फेऱ्यांनीच फिरते. त्याचा पिस्टन सेकंदाला साडेपाच मीटर चालतो. उसाला पाणी देताना ते रात्रभर भरल्या बोज्याने धडधडत राहते आणि वर्षानुवर्षे टिकते, त्यात त्याच्या जाड लोखंडाइतकाच या मंद चालीचाही वाटा आहे.

पिस्टनच्या वेगाची मर्यादा सर्वांना साधारण सारखीच आहे हे एकदा मान्य केले की सुरुवातीचे कोडे सुटू लागते. क्लासिक ६,१०० फेऱ्यांना मिनिटाला सुमारे १,०६५ लिटर जागा हवेसाठी मोकळी करते, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदाच हवा आत घेतली जाते. ड्यूक १०,००० फेऱ्यांना सुमारे ९९७ लिटर जागा मोकळी करते. घोट लहान, पण घोटांची संख्या मोठी, आणि बेरीज जवळपास तीच. हा योगायोग नाही. पिस्टनचे क्षेत्रफळ समान आहे आणि पिस्टनचा वेगही जवळपास समान आहे, तर दर मिनिटाची हवा वेगळी येणार कुठून? म्हणजे एका फेऱ्याचा पीळ सीसी ठरवतात, परंतु कमाल अश्वशक्ती प्रामुख्याने पिस्टनचे क्षेत्रफळ ठरवते, आणि ते बोअरमधून येते. आपले ५८ मिलिमीटर बोअरचे कागदी इंजिन त्याच पिस्टन-वेगाला जेमतेम ६,५०० फेरे करील आणि त्याचा टॉर्क ड्यूकएवढा असूनही अश्वशक्ती तिच्या दोन-तृतीयांशाहून किंचित कमीच भरेल.

उरलेल्या पाच अश्वशक्तींचे श्रेय बोअरला देता येत नाही, कारण तो दोघींचा सारखाच आहे. ड्यूकच्या हेडमध्ये चार झडपा आहेत आणि क्लासिकमध्ये दोन. चार झडपांमुळे त्याच बहात्तर मिलिमीटरच्या वर्तुळात हवेला शिरायला अधिक वाट मिळते आणि वरच्या फेऱ्यांनाही सिलेंडर बरेचसे भरते. शिवाय ड्यूकचे कॉम्प्रेशन गुणोत्तर ११ च्या वर आहे आणि इंजिन थंड ठेवायला रेडिएटर आहे. बोअर मोठा असण्याचा दुसरा लाभ इथेच आहे. झडपा हेडमध्ये बसतात आणि हेडची जागा बोअरएवढीच असते, म्हणून बोअर अरुंद केला की झडपाही लहान कराव्या लागतात.

असे असेल तर सगळीच इंजिने रुंद बोअरची आणि आखूड स्ट्रोकची का करत नाहीत, असा प्रश्न भाच्याने लगेच विचारला, आणि त्याचेही उत्तर या दोन गाड्यांतच आहे. क्लासिकमध्ये पिस्टन वर असताना उरणारी ४१ घन सेंटीमीटर जागा ४०.७ चौरस सेंटीमीटरवर पसरली आहे, म्हणजे तिची सरासरी खोली सुमारे एक सेंटीमीटर आहे. ड्यूकमध्ये तेवढ्याच क्षेत्रफळावर जेमतेम १९ घन सेंटीमीटर जागा आहे आणि तिची सरासरी खोली पाच मिलिमीटरहूनही कमी भरते. ज्वाळेला अशा पातळ चकतीतून पसरावे लागते आणि वरखालच्या धातूला उष्णता लवकर जाते. ती उष्णता पिस्टन ढकलण्याच्या कामी येत नाही. पिस्टन आणि भिंत यांच्यामधल्या वरच्या रिंगजवळच्या फटीत काही मिश्रण न जळताच राहते आणि बोअरचा घेर वाढला की ही फटही वाढते. ज्वाळेला जेवढे जास्त अंतर कापावे लागते तेवढा कडेचे मिश्रण आपोआप पेटण्याचा धोका वाढतो. भर उन्हात, वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर मूठ पिळली की इंजिनातून जो ठणठण आवाज येतो तो याचाच. म्हणून ज्या इंजिनाकडून अॅव्हरेज आणि कमी धूर हवा असतो, त्याचा स्ट्रोक बोअरच्या बरोबरीचा किंवा जास्त ठेवण्याकडे कल असतो.

आता चढावर बुलेट ओढते कशी याविषयी. तुळजापूरचा घाट दोन्ही गाड्यांवरून चढून पाहिला की हा फरक आपसूक कळतो. क्लासिक चौथ्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर, मूठ थोडीशीच वाढवून, तक्रार न करता वर जाते. ड्यूक त्याच वेगाला त्याच गिअरमध्ये हुंदके देते, आणि दोन गिअर खाली आणून इंजिनाला गाऊ दिले की क्लासिकला मागे टाकते. क्लासिकचा सर्वाधिक टॉर्क ४,००० फेऱ्यांना येतो आणि ड्यूकचा ८,००० ला. क्लासिकमागे दीडशे सीसी जास्त आहेत, फिरती गती टिकवून धरणारे तिचे फ्लायव्हील जड आहे, आणि तिच्या झडपांची उघडझाप कमी फेऱ्यांना सिलेंडर उत्तम भरेल अशी बेतलेली आहे. लांब स्ट्रोकच्या इंजिनाला तसेही फार फिरता येत नाही, म्हणून त्याचा निर्माता त्याला खालच्या फेऱ्यांवरच ताकदवान करतो. मिस्त्रींना जाणवणारा ओढा खराच आहे. तो दांड्याच्या लांबीतून आलेला नसून, त्या लांबीमुळे निर्मात्याला घ्याव्या लागलेल्या इतर निर्णयांतून आलेला आहे. हे त्यांना पटले की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण त्यांनी नुसतेच “हां” म्हटले आणि पुढच्या गाडीचा प्लग काढायला घेतला.

बोअर आणि स्ट्रोक यांच्या प्रमाणात अभियांत्रिकीइतकाच सरकारी कारकुनांचाही हात असतो, ही गोष्ट मला नेहमी मौजेची वाटत आली आहे. ब्रिटनमध्ये मोटारींवरचा कर दीर्घकाळ एका सूत्राने ठरणाऱ्या अश्वशक्तीवर आकारला जात असे. बोअरचा इंचांतला वर्ग करून, सिलेंडरच्या संख्येने गुणून, अडीचने भागले की ही कागदी अश्वशक्ती मिळे. हे सूत्र १९१० चे होते आणि त्यात स्ट्रोकचा उल्लेखच नव्हता. निर्मात्यांनी अर्थातच बोअर अरुंद ठेवले आणि सीसी मिळवण्यासाठी स्ट्रोक लांबवले. ऑस्टिन सेव्हन या प्रसिद्ध छोट्या मोटारीच्या नावातले सात म्हणजे ही करापुरती अश्वशक्ती होय, आणि तिच्या ७४७ सीसीच्या इंजिनाचा बोअर ५६ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७६ मिलिमीटर होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत गेली आणि तिथल्या मोटारींचे बोअर रुंदावू लागले.

आपल्याकडे मोजतात ते सीसी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि त्यापुढच्या गाड्यांवर ४० टक्के. दुचाकींच्या सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही ७५, १५० आणि ३५० या सीमांवर बदलतो. त्या हद्दीच्या आत राहून रचनाकाराला वाटणी मनासारखी करता येते. रॉयल एनफिल्डच्या आधीच्या साडेतीनशेच्या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर होता व सीसी ३४६ होते. नव्या इंजिनात बोअर ७२ केला, स्ट्रोक ८५.८ वर आणला आणि आकडा ३४९.३ वर थांबवला. सीसी जेमतेम तीनने वाढले, पण पिस्टनचे क्षेत्रफळ जवळपास सहा टक्क्यांनी वाढले आणि स्ट्रोक साडेचार टक्क्यांहून अधिक घटला. म्हणजे त्याच पिस्टन-वेगाला अधिक फेरे आणि अधिक हवा, आणि तरीही मूळचा लांब स्ट्रोकचा स्वभाव कायम.

कारखान्यातून निघालेला स्ट्रोक इंजिनाच्या हयातीत सहसा बदलत नाही, कारण तो क्रँकमध्ये कोरलेला असतो. बोअर मात्र झिजतो. ही झीज सारखी नसते. पिस्टन वर असताना वरची रिंग जिथे थांबते तिथे उष्णता सर्वाधिक आणि तेल सर्वांत कमी असते, म्हणून सिलेंडर तिथे जास्त रुंदावते. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका असताना पिस्टन एका बाजूवर रेलतो, म्हणून तेच सिलेंडर त्या दिशेने किंचित अंडाकृतीही होते. सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागतो, तेल कमी होते आणि किक पूर्वीपेक्षा हलकी लागते. दोष रिंग आणि बोअरचा आहे की झडपांचा, हे हेड न उघडता ताडायची जुनी रीत आहे. प्लग काढून कॉम्प्रेशन मोजावे, मग त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब ठळकपणे वाढला तर तेलाने रिंगभोवतीची फट तात्पुरती बुजवली, म्हणजे झीज तिथेच आहे. दाब तेवढाच राहिला तर गळती बहुधा झडपांतून आहे. एवढे झाल्यावर हेड उतरवून बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांना माप घ्यावे.

झीज मर्यादेबाहेर असली तर ब्लॉक बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालतात. असे पिस्टन बहुधा पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटरच्या वाढीत मिळतात. मिस्त्रींकडे नेहमी येणारी एक जुनी साडेतीनशेची बुलेट याच कामासाठी उघडली होती, म्हणून मी तिचा हिशेब मांडून पाहिला. ७० च्या जागी ७०.२५ मिलिमीटर बोअर झाला की सीसी ३४६.४ वरून ३४८.८ होतात. ७०.५० झाला की ते ३५१.३ होतात, म्हणजे कर आणि विम्याची साडेतीनशेची रेघ त्या इंजिनाने लेथवरच ओलांडलेली असते, कारण सीसी वाढतात ते बोअरच्या वर्गाने. आरसी बुकात अर्थातच ३४६ च राहतात. कर आकारला जातो तो कारखान्याच्या मापावर आणि विक्रीच्या वेळी, त्यामुळे या पाच सीसींची कुणाला फिकीर नसते. चालवणाऱ्यालाही दीड टक्क्याचा फरक जाणवण्यासारखा नसतो. दुरुस्तीनंतर त्याला वाटते ते नवे पिकअप वाढलेल्या सीसीचे नसून, रिंगा पुन्हा नीट बसल्यामुळे परत मिळालेल्या दाबाचे असते. एक मिलिमीटरपर्यंत बोअर नेऊन झाला, म्हणजे ७१ मिलिमीटर आणि ३५६.३ सीसी झाले, की पुढे भिंत पातळ होऊ लागते. मग ब्लॉकमध्ये नवे लायनर, म्हणजे सिलेंडरची आतली नळी, दाबून बसवतात, आतून घासून पुन्हा ७० मिलिमीटरला होनिंग करतात आणि इंजिन आरसी बुकातल्या आकड्यावर परत येते.